तारखांमागचं ‘काहून’

आठवीतल्या माझ्या भाचीनं एका संध्याकाळी इतिहासाचं पुस्तक माझ्यापुढं आणून ठेवलं. धडा होता १८५७ च्या स्वातंत्र्यलढ्याचा. पानांवर पिवळ्या हायलाइटरचा असा पूर आला होता की, रंगवायची राहून गेलेली वाक्यंच तेवढी उठून दिसत होती. “सगळंच महत्त्वाचं आहे, मामा,” ती म्हणाली. तारखा तिला पाठ होत्या, धडाधड सांगत होती. आणि मग पुस्तक मिटता मिटता तिनं सहज विचारलं, “झाशी खालसा झाली, राणी लढली. आपलं नागपूरही तसंच खालसा झालं. मंग इथं काहून तसं नाही झालं?”

काहून! नागपूर-वऱ्हाडातला हा शब्द ऐकला की समोरच्याला उत्तर देणं भागच पडतं. मला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघांनी वहीचं एक जोडपान उघडलं, पेन्सिल घेतली आणि तो धडा चिमट्यानं उचलल्यासारखा एकेक तुकडा करून कागदावर मांडायला बसलो. उजळणीसाठी कारण-परिणामांचा तक्ता करायचा, इतकाच बेत होता. पण तीन संध्याकाळी त्यात गेल्या, आणि जे दिसलं ते पाहून मी अजून थक्क आहे.

सुरुवात तारखांपासून केली, कारण त्या सगळ्यात आज्ञाधारक असतात. समासात वरून खाली वर्षं लिहायची आणि प्रत्येक वर्षासमोर एक घटना. सोपं वाटतं ना? पण वेळेला असं कागदावर सरळ रेषेत अंथरावं, ही युक्ती माणसाला फार उशिरा सुचली. जोसेफ प्रिस्टली हे नाव आपल्याला ऑक्सिजनमुळे माहीत असतं. पण ऑक्सिजनच्याही आधी, १७६५ साली, या शिक्षकानं एक भलामोठा तक्ता छापला. त्यात सुमारे दोन हजार माणसांची आयुष्यं आडव्या रेघांनी दाखवली होती. जितकं आयुष्य, तितकी लांब रेघ. एका नजरेत कळायचं की कोण कुणाच्या काळात जगलं. आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की जिथं जन्म-मृत्यूचं साल पक्कं नव्हतं तिथं त्यानं रेघेऐवजी ठिपके दिले. माहिती कुठं संपते तेही चित्रात दिसलं पाहिजे, असा त्याचा आग्रह! हे ठिपके ध्यानात ठेवा, पुढं आपल्याला लागणार आहेत.

आमच्या समासात वर्षं चढली. १८१७, १८४८, १८५३, १८५४, १८५७, १८५८. यातली १८१७ ची नोंद त्या धड्यातली नाही, ती मीच वर जोडली. कारण नागपूरच्या गोष्टीचं मूळ तिथं आहे आणि त्या वर्षीच्या लढाईची सीताबर्डीची टेकडी आमच्या घरापासून बसनं थोड्याच अंतरावर आहे. शेजारी घटना लिहिताना पहिला धक्का बसला. झाशीचे राजे गंगाधरराव वारले २१ नोव्हेंबर १८५३ ला. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले ११ डिसेंबर १८५३ ला. मधे फक्त वीस दिवस! पुस्तकात ही दोन नावं एकाच वाक्यात स्वल्पविरामानं शेजारी बसतात, म्हणून आपल्याला ते अंतर कधी जाणवत नाही. कागदावर दोन ठिपके एकमेकांना जवळपास चिकटले आणि भाची म्हणाली, “म्हंजे डलहौसीच्या टेबलावर दोन्ही कागद एकदमच आले असतील!” अगदी तसंच. तारीख पाठ करणाऱ्याला ती एक आकडा वाटते. मांडणाऱ्याला ती शेजारपाजार दाखवते.

आता कारणं शोधायची. पण धड्यात ती सापडतात कुठं?

इथं आपली मराठी मदतीला येते, आणि चकवतेही. कारणं आपल्या भाषेत बऱ्याचदा स्वतंत्र शब्दात राहत नाहीत, शब्दांच्या शेपटीत दडून बसतात. ‘मुळे’, ‘ल्याने’, ‘पायी’. ‘वारस नसल्याने’ या दोन शब्दांत एक अख्खं कारण आहे! म्हणून पेन्सिल घेऊन वाक्य नाही, शेपट्या शोधायच्या. ‘मुळे’ दिसला की त्याच्या आधीच्या शब्दांखाली रेघ मारायची. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ दिसले की मागं कारण आणि पुढं परिणाम. ‘कारण’ हा शब्द मात्र उलटा चालतो: त्याच्या आधी परिणाम येतो आणि नंतर मूळ. ‘संस्थान खालसा झालं, कारण राजाला मुलगा नव्हता’ हे वाक्य वाचताना डोळा पुढं जातो आणि काळ मागं! धडा वाचून गोंधळ होतो तो बरेचदा एवढ्यामुळेच. वाक्यांचा क्रम आणि घटनांचा क्रम एकच असेल असं आपण धरून चालतो.

‘म्हणून’ तर याहून लबाड. ही दोन वाक्यं पाहा. ‘पाऊस पडला म्हणून पेरणी झाली.’ ‘पाऊस पडावा म्हणून पूजा केली.’ शब्द तोच. पहिल्यात पाऊस होऊन गेलेला आहे, दुसऱ्यात तो अजून ढगातही नाही. पहिलं कारण आहे, दुसरा हेतू. हेतू भविष्याकडे बोट दाखवतो, पण तक्त्यात तो कारणाच्या बाजूला बसतो, कारण तो घटनेच्या आधी कुणाच्या तरी डोक्यात होता. ‘पडला’ आणि ‘पडावा’ एवढाच फरक, आणि त्यानं बाणाची सगळी जात बदलते.

आणि ‘करून’? ‘दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं.’ यात नामंजुरी हे कारण आहे, की खालसा करण्याचं हत्यार? भाचीनं आधी सरळ बाण काढला होता: दत्तक नामंजूर, म्हणून खालसा. मी तिला नागपूरची हकीकत सांगितली आणि तो बाण तिनं स्वतःच खोडला.

हकीकत अशी. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि भोसल्यांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना दूर करून लहानग्या रघूजींना गादीवर बसवलं, दरबारात आपला रेसिडेंट ठेवला. म्हणजे गादी राहिली, पण ती कंपनीच्या मर्जीनं. पस्तीस वर्षांनी रघूजी वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता, आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. दत्तक घेतला गेला तो त्यांच्या मागं, घरातल्या राण्यांकडून. झाशीत मात्र गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्याच दिवशी, इंग्रज अधिकाऱ्याच्या साक्षीनं, दामोदररावांना दत्तक घेतलं होतं. एका ठिकाणी दत्तक राजानं घेतलेला, दुसऱ्या ठिकाणी विधवा राण्यांनी. परिस्थिती वेगळ्या, डलहौसीचा निकाल मात्र एकच! नागपूरबद्दलचं त्याचं टिपण २८ जानेवारी १८५४ चं आहे, रघूजींच्या मृत्यूनंतर अठ्ठेचाळिसाव्या दिवसाचं.

आता विचार करा. दोन वेगवेगळ्या कारणांतून एकच परिणाम निघत असेल, तर कारण खरं तिथंच आहे का? की त्याच्या मागं आणखी एखादं आहे?

मागं आहे. डलहौसीच्या त्या टिपणात वारसाहक्काच्या चर्चेबरोबर दोन गोष्टी येतात. एक, कलकत्ता आणि मुंबईच्या मधल्या वाटेवरचा हा मुलूख. दोन, कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि चांगल्या कापसाची काळी जमीन होती वऱ्हाड आणि त्याच्या आजूबाजूला. मे १८५३ मध्ये, म्हणजे रघूजी वारण्याच्या सात महिने आधी, वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आलंच होतं. ‘पडावा म्हणून’ मधला तो ‘म्हणून’ इथं सापडला! भाचीनं ‘खालसा’च्या चौकटीत आता दोन बाण आणले: एक ‘वारस नाही’ कडून, तो निमित्ताचा, एक ‘कापूस आणि वाट’ कडून, तो हेतूचा. निमित्ताला तिनं निळी पेन्सिल वापरली, हेतूला लाल. आणि डलहौसीच्या कौन्सिलातल्या कर्नल जॉन लो यांनी नागपूर खालसा करण्याला लेखी विरोध केला होता, हे सांगितल्यावर तिनं बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे टळू शकत होतं’. परीक्षेत त्याला गुण मिळणार नाहीत कदाचित. पण कारण म्हणजे अटळ नियती नव्हे, हे तिला त्या एका नावानं समजलं.

तक्ता इथवर आला आणि तिची सुंदर तीन रकान्यांची आखणी मोडली. कारण, घटना, परिणाम असे रकाने तिनं पट्टीनं आखले होते. पण ‘नागपूर खालसा, मार्च १८५४’ हा परिणाम लिहिला तोच पुढच्या ओळीत कारण म्हणून पुन्हा लिहावा लागला. ‘दरबारचे हत्ती, घोडे, जवाहीर लिलावात’ हा त्याचा परिणाम, आणि तोच लोकांच्या संतापाचं कारण. प्रत्येक गोष्ट दोनदा! हे बिघडलेलं नाही, हीच तर गंमत आहे. एका घटनेला आधीची बाजू असते आणि नंतरची बाजू असते, जशी जिन्याची पायरी खालून चढायची आणि वरून उतरायची. म्हणून रकाने सोडायचे आणि चौकटी काढायच्या. प्रत्येक घटना एकदाच लिहायची, आत तारीख, आणि बाकीचं काम बाणांवर सोपवायचं. एका धड्याला दहा-बारा चौकटी पुष्कळ झाल्या. जिच्यात बाण येत नाही आणि जिच्यातून जात नाही ती चौकट कोपऱ्यात ठेवायची. ती पाठ करावी लागेल, पण समजावी लागणार नाही.

मग आली सगळ्यात मोठी अडचण. पानाच्या मधोमध भाचीनं एक जाडजूड चौकट काढली होती: ‘असंतोष’. डावीकडून सगळे बाण त्यात शिरत होते आणि उजवीकडे एकच जाड बाण बाहेर पडून ‘१८५७’ वर आदळत होता. तुम्हीही तक्ता केलात तर ही चौकट तुमच्याकडे नक्की येईल. ती कशी ओळखायची? तिच्यात तारीख नसते. माणूस नसतो. ठिकाण नसतं. आणि म्हणूनच ती चूक आहे की बरोबर हे तपासता येत नाही; काहीही गिळते आणि काहीही बाहेर टाकते.

ती फोडायची. असंतोष कुणाचा? शिपायांचा वेगळा, जमीन गेलेल्यांचा वेगळा, कारागिरांचा वेगळा, गादी गेलेल्यांचा वेगळा. फोडल्याबरोबर झाशीचा बाण हलला! आम्ही ‘झाशी खालसा, १८५४’ पासून ‘राणीचा लढा’ पर्यंत एक लांब बाण काढला होता. पण तारखा काय सांगतात? खालसा झाल्यावर तीन वर्षं राणी लढायला उभी राहिलेली नाही. जून १८५७ मध्ये झाशीत आधी उठले ते कंपनीचेच शिपाई. त्यानंतर कारभार राणीच्या हाती आला, आणि ह्यू रोजची फौज झाशीला वेढा घालायला आली ती मार्च १८५८ मध्ये. म्हणजे त्या लांब बाणाच्या पोटात शिपायांची चौकट दडलेली होती. बाण जितका लांब, तितका त्याच्या मधे काहीतरी राहून गेल्याचा संशय घ्यावा. केवळ दोन तारखांमधलं अंतर मोजून हे कळतं, यापेक्षा नवलाचं काय असणार?

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे या. शिपाई नागपुरातही होते. मेरठला १० मे १८५७ ला भडका उडाला, आणि नागपुरात टाकळीच्या छावणीतल्या घोडदळातल्या शिपायांनी १३ जूनच्या रात्री उठायचं ठरवलं होतं. होय, आपल्याही शहरात तारीख ठरली होती! पण बातमी फुटली. बेत उधळला. जवळ कामठीला मद्रासच्या फौजेची मोठी छावणी होती, आणि मद्रासच्या पलटणी त्या वर्षी बहुतेक सगळ्या कंपनीच्याच बाजूला राहिल्या. भोसल्यांच्या वाड्यात वयोवृद्ध बांकाबाईंचा शब्द चाले, आणि त्यांनी आपलं वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं.

भाची बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं ‘नागपूर खालसा’ पासून ‘१३ जून’ पर्यंत बाण काढला आणि त्याच्या पुढं एक आडवी भिंत. भिंतीवर तीन विटा: फुटलेली बातमी, कामठी, बांकाबाई. कारण होतं, ठिणगी होती, तरी परिणाम झाला नाही! हे तुम्हाला धड्याच्या शेवटच्या स्वाध्यायात कधीच विचारत नाहीत. पण कारण म्हणजे काय, हे जे घडलं त्यापेक्षा जे घडता घडता राहिलं त्यातून जास्त कळतं. झाशी आणि नागपूर जणू एकाच वर्गातल्या दोन बाकांवर बसलेली मुलं: प्रश्नपत्रिका जवळजवळ सारखी, उत्तरं निराळी. मधे कुठली वीट होती ते शोधलं की उत्तर मिळतं.

कुठला बाण खरा हे ठरवायला आम्ही एकच कसोटी लावली: ‘हे झालंच नसतं, तर?’ लिलाव झाला नसता तर टाकळीच्या शिपायांनी उठायचं ठरवलं नसतं का? सांगता येत नाही. तर बाण ठिपक्यांचा. प्रिस्टलीचे ठिपके! सीताबर्डीची लढाई हरलो नसतो तर १८५४ मध्ये कंपनीला वारसाबद्दल बोलायचा अधिकार मिळाला असता का? नसता, निदान त्या रूपात तरी. तर बाण सलग. आणि ‘त्यानंतर’, ‘दरम्यान’, ‘याच सुमारास’ या शब्दांनी जोडलेल्या गोष्टींवर बाण नाहीच, जोपर्यंत त्या कसोटीला उतरत नाहीत. त्या शब्दांत काळ असतो, कारण नसतं.

तक्त्याच्या तळाशी दोन नवलं राहिली होती. लाल पेन्सिलीचा कापसाचा बाण पुढं नेला तर तो धड्याबाहेर पडतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. आणि १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केलं गेलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस जावा म्हणून ज्या वाटेवर नजर ठेवली होती, त्याच मुलखात आपल्या माणसाची गिरणी उभी! हेतू एक, परिणाम दुसराच. दुसरं नवल धड्यातच आहे. राणीचा जाहीरनामा, १ नोव्हेंबर १८५८: संस्थानं यापुढं खालसा करणार नाही. १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. म्हणजे शेवटच्या चौकटीतून निघालेला बाण वळून पहिल्याच कारणावर गेला आणि त्यानं ते पुसून टाकलं. ओळीनं वाचताना हे वळण दिसत नाही. कागदावर ते गोल फिरलेलं दिसतं.

आता उजळणीचं. तक्ता झाला की तो भिंतीला चिकटवून रोज बघत बसायचा मोह होतो. बघून फारसं राहत नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के! म्हणजे वाचताना जो भरवसा वाटतो तो पाच मिनिटांचा असतो.

म्हणून आम्ही चौकटींच्या चिठ्ठ्या केल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि कोऱ्या कागदावर टाकल्या. तारखा चिठ्ठीवर आयत्या होत्या. बाण आठवून काढायचे. पहिल्या दिवशी भाचीचे बाण निम्मेच जमले. चुकले कुठले? तारखा एकही नाही. चुकले ते ‘मुळे’ आणि ‘म्हणून’. चौथ्या दिवशी ‘सकारण स्पष्ट करा’ची उत्तरं तिनं न वाचता लिहिली, कारण ते उत्तर म्हणजे एका चौकटीपासून उलटं चालत जाणं एवढंच होतं.

लिलावापासून १३ जूनपर्यंतचा तो ठिपक्यांचा बाण मात्र तिनं अजून शाईनं पक्का केलेला नाही. तुमच्या धड्यातही असा एखादा सापडेल. तो ठिपक्यांचाच ठेवा, आणि वर्गात हात वर करून बाईंना विचारा: काहून?